हास्यवायूची इलेक्ट्रॉन-ठिपका संरचना: काढावी कशी, तपासावी कशी

भूल देताना वापरतात तो हास्यवायू, म्हणजे N₂O. अणू तीनच, पण ठिपके देताना विद्यार्थी हमखास इथे अडखळतात.

आधी संयुजा इलेक्ट्रॉन मोजा. प्रत्येक नायट्रोजनचे 5 आणि ऑक्सिजनचे 6, एकूण 16. हा आकडा कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. तिन्ही अणूंची अष्टके स्वतंत्रपणे भरायला 24 इलेक्ट्रॉन लागले असते. आपल्याकडे 8 कमी आहेत, म्हणून 8 वाटून घ्यावे लागतील, म्हणजेच चार बंध. उरलेल्या 8 इलेक्ट्रॉनांच्या चार एकाकी जोड्या होतील.

आता अणूंचा क्रम. ऑक्सिजन मधे ठेवला तर चारही बंध त्याच्या वाट्याला येतात आणि त्याच्यावर +2 प्रभार चढतो. इतक्या विद्युतऋण अणूवर तो शोभत नाही, म्हणून मधे नायट्रोजन घ्या. चार बंध तीन प्रकारे वाटता येतात:

```
अ)  N≡N–O
आ)  N=N=O
इ)  N–N≡O
```

मधल्या नायट्रोजनचे अष्टक बंधांनीच भरते, त्यामुळे एकाकी जोड्या फक्त टोकांना द्यायच्या. डावीकडून उजवीकडे ‘अ’मध्ये 1 आणि 3, ‘आ’मध्ये 2 आणि 2, ‘इ’मध्ये 3 आणि 1.

औपचारिक प्रभार काढायला अणूच्या संयुजा इलेक्ट्रॉनांतून त्याच्यावरचे एकाकी इलेक्ट्रॉन आणि त्याच्या बंधांची संख्या वजा करा. ‘अ’मधल्या ऑक्सिजनसाठी 6 − 6 − 1 = −1. मधल्या नायट्रोजनसाठी 5 − 0 − 4 = +1. डावा नायट्रोजन 5 − 2 − 3 = 0. ‘आ’मध्ये याच रीतीने −1, +1, 0 येतात, तर ‘इ’मध्ये −2, +1, +1. ‘इ’ जवळजवळ सोडून द्यावी, कारण तिथे ऑक्सिजन धन आहे आणि शेजारशेजारचे दोन अणू दोन्ही धन आहेत. ‘अ’ सर्वांत वजनदार, कारण ऋण प्रभार ऑक्सिजनवर आहे.

रेझोनन्स म्हणजे रेणू या रूपांत आलटून पालटून उड्या मारतो असे मुळीच नाही. रेणू एकच, आणि तो या चित्रांच्या अधला-मधला. मोजलेल्या लांब्या हेच सांगतात: N–N बंध सुमारे 113 पिकोमीटर भरतो, तर नायट्रोजन वायूतला तिहेरी बंध 110 आणि नेहमीचा N=N सुमारे 125.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे ‘आ’मधल्या मधल्या नायट्रोजनवर सवयीने दिलेली एकाकी जोडी. मग ठिपके 18 होतात आणि प्रभारांची बेरीज −2 येते. नकळत तुम्ही N₂O²⁻ काढलेले असते. इथे प्रभारांच्या बेरजेवर फार विसंबू नका. एकूण इलेक्ट्रॉन 16 असतील तर ती बेरीज शून्यच येते, मग जोड्या भलत्याच अणूवर का असेनात. ‘आ’च्या डाव्या टोकाची एक जोडी मधे सरकवून पाहा: इलेक्ट्रॉन 16, बेरीज शून्य, पण टोकाशी 6 आणि मधे 10. म्हणून प्रत्येक अणूभोवती बोट फिरवून आठ मोजणे ही वेगळी तपासणी आहे, आणि ती टाळता येत नाही.