क्लाउड सिक्युरिटीचा व्हाइटपेपर कोरियनमध्ये नेताना या चुका टाळा

पुण्यात बसून मी इंग्रजी व्हाइटपेपर कोरियनमध्ये नेण्याची कामं सांभाळते. भाषांतर सोलमधल्या सहकारी करतात आणि शब्दसूची, तपासणी माझ्याकडे असते. एका व्हाइटपेपरमध्ये आमच्या हातून निसटलेलं वाक्य साधं होतं: 'ब्रीच झाल्यास आम्ही ग्राहकाला 72 तासांत कळवतो.' भाषांतर शुद्ध होतं, पण ग्राहकाच्या सुरक्षाप्रमुखांनी पहिली शंका तिथेच काढली.

अडचण 'ब्रीच' या शब्दात होती. कोरियनमध्ये त्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. 'छिम्हे सागो' म्हणजे सिस्टिममध्ये झालेला शिरकाव किंवा हल्ला. 'युछुल' म्हणजे माहिती बाहेर जाणं. चोर घरात शिरला ही एक गोष्ट आणि दागिने गेले ही दुसरी. रॅन्समवेअरने सर्व्हर कुलूपबंद केला, पण माहिती बाहेर गेलीच नाही, तर ते छिम्हे सागो आहे, युछुल नाही. आम्ही सगळीकडे युछुल लावलं होतं, त्यामुळे असा हल्ला झाला तर कंपनी काही कळवणारच नाही, असा अर्थ निघत होता.

शिवाय दोन्हींची मुदत वेगळी आहे. कोरियाच्या माहिती-दळणवळण नेटवर्क कायद्याखाली सेवा देणाऱ्या कंपनीने छिम्हे सागो लक्षात आल्यापासून 24 तासांत सरकारकडे किंवा किसा या इंटरनेट-सुरक्षा संस्थेकडे कळवायचं असतं. वैयक्तिक माहिती फुटली तर संबंधित लोकांना 72 तासांत सांगायचं असतं, आणि हजार किंवा त्याहून जास्त लोकांची माहिती असेल तर त्याच मुदतीत सरकारलाही. क्लाउड कंपनीने ग्राहकाला कधी कळवायचं, हे 2015च्या क्लाउड कायद्यात वेगळं दिलंय: विनाविलंब. मूळ इंग्रजी मजकूर युरोपातल्या वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला, म्हणून त्यात 72 तास आले होते. सोलमधल्या खरेदीदाराने ते वाचलं की त्याला वाटतं, यांना आपला कायदा माहीत नाही.

इथे भाषांतरकाराने स्वतःहून 72चे 24 करू नयेत. ते वचन कंपनीचं असतं, बदलायचं तर कंपनीच्या कायदा विभागानेच. आम्ही वाक्याचे दोन भाग केले, शिरकावाचा आणि माहिती फुटण्याचा. प्रत्येकात कोण कोणाला कळवतं हे लिहिलं, आणि मुदतीची जागा कायदा विभागाचं उत्तर येईपर्यंत रिकामी ठेवली.

उलट भाषांतर करून ही चूक सापडत नाही, कारण इंग्रजीत परत आणलं की दोन्ही शब्दांचं 'ब्रीच' होऊ शकतं. त्यापेक्षा इंग्रजी न दाखवता फक्त कोरियन मजकूर तिथल्या सिक्युरिटीवाल्याकडे द्या आणि विचारा: कोण, कोणाला, किती वेळात सांगणार? तो अडखळला तर शब्द चुकलाय.

दुसरी चूक सूराची. इंग्रजीत प्रत्येक ओळीत 'यू' असतो. आपल्याला वाटतं, 'आपण'सारखा एखादा आदरार्थी शब्द टाकला की झालं. पण कोरियनमधला 'तांगशिन' व्यावसायिक मजकुरात उद्धट किंवा जाहिरातीसारखा वाटतो. बहुतेक ठिकाणी कर्ता गाळायचा, अगदीच लागला तर 'कोगेक' म्हणजे ग्राहक, किंवा पत्रात 'क्वीसा' म्हणजे आपली कंपनी. मुख्य मजकुराची क्रियापदं औपचारिक 'हमनिदा' वळणाची हवीत. मोबाइल अ‍ॅपमध्ये गोड वाटणारं 'हेयो' वळण इथे मध्येच आलं तर दोन माणसांनी लिहिल्यासारखं दिसतं. फाइल साध्या टेक्स्टमध्ये काढून हे शोधून पाहा:

```
grep -nE '당신|세요|해요|어요|아요|에요|예요|돼요' whitepaper_ko.txt
```

मुद्द्यांच्या यादीत मात्र पूर्ण वाक्यं नकोत. तिथला कर्मचारी खरेदीच्या मंजुरीसाठी वरिष्ठांकडे लेखी प्रस्ताव पाठवतो, त्याला 'फुमी' म्हणतात. अशा कागदात मुद्दे नामावर किंवा नामरूपावर संपवायची पद्धत आहे. आपली यादी तशीच असेल तर तो ती उचलून थेट चिकटवू शकतो. म्हणूनच 'तुमचा डेटा धोक्यात आहे!' अशी भीती घालणारी शीर्षकं मी काढायला लावते. ती त्याला साहेबांच्या टेबलावर ठेवता येत नाहीत.

'शेअर्ड रिस्पॉन्सिबिलिटी' म्हणजे सुरक्षेची कामं क्लाउड कंपनी आणि ग्राहक यांच्यात वाटलेली असणं. त्यासाठीही दोन रूपं चालतात, 'कोंगदोंग छेगिम' आणि 'छेगिम कोंग्यु'. पहिल्यातून 'दोघं मिळून सगळ्याला जबाबदार' असा अर्थ कोणी काढू शकतो. कुठलंही एक धरा, पण शेजारी तक्ता द्या: पॅच कोण लावतो, एन्क्रिप्शनच्या किल्ल्या कोणाकडे, खात्यांचे अधिकार कोण देतो. आमच्या पुढच्या आवृत्तीत तो तक्ता पान 3 वर गेला, आणि ग्राहकाच्या पहिल्या ईमेलमध्ये त्यातल्याच एका रकान्याबद्दल प्रश्न होता.