घरून ऑनलाइन परीक्षा आणि मंदावलेलं नेट: दोष कसा शोधला

विद्यापीठाची परीक्षा घरून, कॅमेरा चालू ठेवून द्यायची होती. पेपर अकराचा, आणि साडेनऊला लॉगिनची चाचणी घेतली तर पान अर्धवट उघडून अडकलं. घरात फायबरचं कनेक्शन, वायफायच्या कांड्या पूर्ण, तरीही नेट रांगत होतं. पहिल्यांदाच अशी परीक्षा देणाऱ्यांसाठी त्या तासाभरात काय केलं ते लिहिते, कारण नेमक्या याच वेळी माणूस राउटर पुन्हा पुन्हा बंद-चालू करत बसतो आणि हातातला वेळ जातो.

शेजारच्या काकू टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झाल्यात. त्यांना हाक मारली तर आल्या आल्या म्हणाल्या, "अगं, आधी दोष घरात आहे की घराबाहेर ते ठरवू. राउटरला हात लावू नकोस." मग विंडोजच्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून त्यांनी एकामागोमाग एक या दोन ओळी चालवायला लावल्या.

```
ping -n 20 192.168.1.1
ping -n 20 8.8.8.8
```

पहिली ओळ आपल्याच राउटरला हाक मारते. तुमच्या राउटरचा पत्ता वेगळा असू शकतो, तो बहुधा खालच्या स्टिकरवर असतो. दुसरी ओळ बाहेरच्या एका सर्व्हरला हाक मारते. राउटरकडून वीसच्या वीस उत्तरं दोन-तीन मिलिसेकंदांत आली, म्हणजे वायफाय ठीक. बाहेरच्या हाकांपैकी सहा मात्र `Request timed out` होऊन हरवल्या. नेटवरून माहिती छोट्या छोट्या पाकिटांतून जाते. इतकी पाकिटं हरवली की पाठवणारा संगणक ती पुन्हा पाठवतो आणि वाटेत गर्दी आहे असं समजून आपला वेगही कमी करतो. म्हणून नेट पूर्ण बंद न पडता रांगतं.

पहिल्याच ओळीत उत्तरं हरवली असती, तर दोष वायफायचा धरून लॅपटॉप केबलने राउटरला जोडला असता. आमच्याकडे तो प्रश्न नव्हता. मग काकूंनी घरातले सगळे मोबाइल आणि टीव्ही वायफायवरून काढायला लावले. एखादा फोन गुपचूप फोटोंचा बॅकअप घेत असेल तर अपलोड भरून जातं, आणि कॅमेऱ्याच्या परीक्षेत अपलोडच जास्त लागतं. पण फरक पडला नाही. उरली ती फायबरची तार.

ब्राउझरमध्ये राउटरचं पान उघडून आम्ही आत येणाऱ्या प्रकाशाची पातळी पाहिली. तिथे `RX Power` समोर -29 dBm होतं. घरगुती फायबरच्या यंत्राला साधारण -27 पर्यंतचा प्रकाश नीट वाचता येतो. आकडा त्याहून खाली गेला की चुका वाढतात, आणि फारच खाली गेला की LOS चा दिवा लाल होतो. आमचा दिवा लाल नव्हता, म्हणून नुसतं बघून काही कळलं नसतं.

"काल काही हलवलंत का गं?" काकूंनी विचारलं. आदल्या दिवशी साफसफाईसाठी कपाट सरकवलं होतं. मागे पाहिलं तर पिवळी बारीक तार कपाट आणि भिंतीच्या मध्ये दबून काटकोनात वळली होती. फायबरच्या आत काच असते. वळण फार तीव्र झालं की प्रकाश त्या वळणावर बाहेर निसटतो, तार तुटलेली नसली तरीही. कपाट पुढे ओढून आम्ही तार मोकळी केली आणि चहाच्या बशीएवढं सैल वेटोळं करून ठेवली. आकडा -21 वर आला, म्हणजे प्रकाश आधीच्या साधारण सहापट. `ping` पुन्हा चालवलं, एकही पाकीट हरवलं नाही.

काकूंनी दोन गोष्टी बजावल्या. फायबरचं टोक काढून त्यात डोकावायचं नाही, कारण लेझर डोळ्यांना दिसत नाही पण इजा करू शकतो. आणि टोकाला बोट लावायचं नाही, तेवढ्या मळानेही प्रकाश अडतो.

तार मोकळी करूनही आकडा सुधारला नसता, तर दोष बहुतेक खांबावरचा किंवा गल्लीतल्या जोडणीचा असता, आणि तिथे आपल्याला काहीच करता येत नाही. त्यासाठी काकूंनी आधीच सांगून ठेवलं होतं, "सव्वादहापर्यंत शोधू, नाही सापडलं तर मोबाइलवर जा." आईचा फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडून, त्यावरही `ping` बघून, मी तयार ठेवला होता. ही निवड लॉगिनच्या आधीच करावी, कारण पेपर चालू असताना नेट बदललं की आयपी पत्ता बदलतो आणि काही परीक्षा-प्रणाली त्यावर लॉगिन तोडतात. मध्येच बदलावं लागलंच, तर वेळ दिसेल असा स्क्रीनचा फोटो काढून हेल्पलाइनला लगेच कळवा.

अकराला लॉगिन झालं आणि पेपर नीट पार पडला. दुपारी कंपनीच्या माणसाला बोलावून ती दबलेली तार बदलून घेतली, कारण एकदा चेपलेली काच पुढे त्याच जागी तडकू शकते.