मसावि की लसावि: घंटा, फरशी आणि दोरीच्या गणिताआधीची तयारी

व्याख्या पाठ हव्यात, मूळ अवयव पाडता यायला हवेत, पाढे तर हवेतच. यावर जास्त बोलत नाही.

ज्यावर बोलायचंय ती चूक माझीच आहे. पुतणीच्या पाचवीच्या शिष्यवृत्तीची तयारी मी घेतली होती. वेळ कमी होता म्हणून तिला एक झटपट युक्ती दिली: "कमीत कमी, लहानात लहान" दिसलं की लसावि, "मोठ्यात मोठा, जास्तीत जास्त" दिसलं की मसावि. पंधरा-वीस गणितं तिने धडाधड सोडवली. मीही खूश. पेपरात फरशीचं गणित आलं, त्यात "कमीत कमी किती फरश्या" असं होतं आणि तिने इमानदारीत लसावि काढला. घरी आल्यावर म्हणाली, "काका, तुम्हीच सांगितलं होतंत." आता धाकट्याची वेळ आली आहे, म्हणून हे लिहून ठेवतोय.

तर पहिलं काम: ती युक्ती वहीतून खोडा. त्या जागी एकच प्रश्न लिहा: उत्तर दिलेल्या संख्यांमध्ये मावणार आहे, की दिलेल्या संख्या उत्तरात मावणार आहेत? उत्तर आत मावत असेल, म्हणजे दिलेल्या वस्तूचे समान भाग पडत असतील, तर मसावि. दिलेल्या संख्या पुन्हा पुन्हा मांडत उत्तरापर्यंत पोचायचं असेल, तर लसावि. पेन्सिल उचलण्याआधी हे ठरवायचं. अवयव पाडून झाल्यावर नाही.

फरशीचंच घ्या. खोली 4 मीटर 20 सेंटिमीटर लांब, 3 मीटर 30 सेंटिमीटर रुंद. एकसारख्या चौरस फरश्या न कापता बसवायच्या आहेत, तर कमीत कमी किती लागतील? आधी सगळं सेंटिमीटरमध्ये आणा: 420 आणि 330. हे न करता 4.20 आणि 3.30 घेऊन बसलेली मुलं पाहिली आहेत, पुढे नुसता गोंधळ होतो. आता तो प्रश्न विचारा. फरशीची बाजू खोलीच्या लांबीत आणि रुंदीत मावायची आहे, म्हणजे मसावि. 10 सेंटिमीटरची फरशी चालेल का? चालेल, पण 42 गुणिले 33, म्हणजे 1386 फरश्या लागतील. 15 ची घेतली तर 28 गुणिले 22, म्हणजे 616. 30 ची घेतली तर 14 गुणिले 11, म्हणजे 154. 30 पेक्षा मोठी फरशी दोन्ही बाजूंना पुरी बसत नाही. फरशी मोठी होत गेली तशी संख्या कमी होत गेली. "कमीत कमी" हा शब्द फरश्यांच्या संख्येला लागलाय, फरशीच्या बाजूला नाही. मी तिला हेच दाखवलं नव्हतं. माझ्या युक्तीने गेलात तर 420 आणि 330 चा लसावि 4620 येतो, म्हणजे 46 मीटर 20 सेंटिमीटरची फरशी. सव्वाचार मीटरच्या खोलीत! नुसतं उत्तराकडे बघितलं असतं तरी चूक हाती लागली असती.

आणि मसावि 30 आला म्हणून थांबू नका. विचारलंय किती फरश्या. पर्यायांत 30 हमखास दिलेला असतो, घाई करणाऱ्यांसाठीच.

"न कापता" या दोन शब्दांवरही बोट ठेवा. आपल्याकडचा गवंडी काठाला फरशी कापून बसवतो, त्याला मसाविची गरजच नाही. गणितात "पूर्ण", "न कापता", "काही न उरता" असं असेल तरच हा सगळा खटाटोप.

आता "फरशी आली म्हणजे मसावि" अशी नवी युक्ती बनवाल तर पुन्हा तिथेच आपटाल. 12 बाय 18 सेंटिमीटरच्या आयताकृती फरश्या मांडून लहानात लहान चौरस करायचा असेल तर? इथे फरश्या चौरसात मावायच्या आहेत. बाजू 12 च्याही पाढ्यात हवी आणि 18 च्याही, म्हणून लसावि 36. एका बाजूने 3, दुसऱ्या बाजूने 2, एकूण 6 फरश्या. वस्तू तीच, पण गणित उलटं. काय कशात मावतंय, तेवढंच बघा.

दोरीचंही तसंच. 36, 48 आणि 60 मीटरच्या तीन दोऱ्यांचे समान, मोठ्यात मोठे तुकडे हवे असतील तर तुकडा दोरीत मावतोय: मसावि 12, तुकडे 3, 4 आणि 5, एकूण 12. (किती वेळा कापावं लागेल असं विचारलं तर 9, कारण प्रत्येक दोरीचा शेवटचा तुकडा आपोआप सुटतो.) पण दोरी अशी हवी, की तिचे सगळे तुकडे 6 मीटरचे केले, किंवा 8 चे, किंवा 15 चे, तरी काही उरू नये; तर लहानात लहान दोरी केवढी? आता दिलेले तुकडेच दोरीत मावतायत: लसावि 120 मीटर.

घंटांमध्ये सहसा लसाविच असतो, पण का ते एकदा कागदावर बघा. तीन घंटा 12, 18 आणि 30 मिनिटांच्या अंतराने वाजतात आणि सकाळी 7 ला एकदम वाजल्या. पहिलीचे ठोके 12, 24, 36 असे पुढे सरकतात, दुसरीचे 18, 36, 54. आपण पुढे जातोय, कशाचे भाग पाडत नाही. लसावि 180 मिनिटं, म्हणजे पुन्हा 10 ला. तोवर पहिली 15 अंतरं चालली, दुसरी 10, तिसरी 6. आता दुपारी 1 पर्यंत किती वेळा एकदम वाजल्या? 6 तास भागिले 3, उत्तर 2, असं लिहून मोकळे होऊ नका. 7, 10, 1, म्हणजे 3 वेळा. सुरुवातीची धरायची की "त्यानंतर" किती, हे प्रश्नात वाचा.

बाकीचं थोडक्यात, मलाही कंटाळा आला. भागल्यावर प्रत्येक वेळी तेवढंच उरतं असं असेल, तर लसाविमध्ये बाकी शेवटी मिळवायची: 8, 12, 15 ने भागल्यावर 3 उरणारी लहानात लहान तीन अंकी संख्या 123. मसाविमध्ये बाकी आधी वजा करायची: 110 आणि 128 ला भागल्यावर 2 उरवणारी मोठ्यात मोठी संख्या म्हणजे 108 आणि 126 चा मसावि, 18. मसावि गुणिले लसावि बरोबर संख्यांचा गुणाकार, हा पडताळा दोनच संख्यांना चालतो, तीनला लावू नका.

आणि धाकट्याला आज रात्री हे एक गणित घालणार आहे: 8, 12 आणि 15 ने पूर्ण भाग जाणारी चार अंकी मोठ्यात मोठी संख्या. "मोठ्यात मोठी" आहे, तरी लागतो लसावि. 120 ने 9999 ला भागा, 39 उरतात, ते काढून टाका: 9960. त्याने मसावि काढला, तर माझी जुनी युक्ती ताईकडून त्याच्यापर्यंत पोचलेली आहे.