बंपर खरंच ठोकला असेल, तर दाराचा ओरखडा त्यात घुसडू नका

पार्किंगमध्ये खांबाला धडकून गाडीचा मागचा बंपर चेपला. तो क्लेम खरा आहे. पण फोटो पाठवताना एडिटिंग ॲपमध्ये दारावरही खोटा चेप रंगवला, की खरा भागही धोक्यात येतो. विमा परस्पर विश्वासावर चालतो आणि खोट्या दाव्यावर सगळे लाभ रद्द होतात, अशी अट बहुतेक पॉलिसींत असते. शिवाय फसवणुकीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली दाखल होऊ शकतो.

उलटा प्रकारही फसवणूकच आहे. पॉलिसी संपल्यावर नवीन घेताना कंपनी गाडीचे फोटो मागते. तेव्हा जुना चेप पुसून टाकायचा आणि महिन्याभराने त्याचाच क्लेम करायचा, हे लगेच उघड होतं, कारण जुन्या चेपेत गंज आणि धूळ बसलेली असते.

नुकसान तपासणारा सर्व्हेअर फक्त फोटोवर विसंबत नाही. खांब उभा असेल तर चेपही उभा हवा, उंची जुळायला हवी, खांबाचा रंग बंपरवर लागलेला हवा. खऱ्या चेपेत आजूबाजूचं प्रतिबिंब वाकतं. ॲपमध्ये रंगवलेल्या चेपेत ते बहुधा सरळच राहतं, हे फोटो मोठा केल्यावर दिसतं. व्हॉट्सॲपवर फोटोची मूळ माहिती बहुधा निघून जाते, म्हणून मूळ फाइल मागितली जाते. शेवटी गाडी गॅरेजमध्ये समोर उभी राहतेच.

फोटो उजळ करायचा मोहही टाळा. नंबरप्लेट दिसेल असा एक लांबून, एक जवळून काढा आणि जुना ओरखडा असेल तर तो जुना आहे असं स्वतःच लिहून कळवा.