बारा माणसं, पाच घड्याळं आणि सहा मिनिटांचं आभाराचं भाषण

पहिल्यांदाच टीम लीड झालेल्या आणि डिसेंबरात ऑनलाइन वर्षअखेरच्या कार्यक्रमात 'दोन शब्द' बोलायचे आहेत, अशांसाठी हे लिहिते आहे. आमची टीम गोदामांच्या सॉफ्टवेअरला सपोर्ट देते. बेळगावात सहा जण आहेत. त्यातले दोघे निपाणी आणि खानापूरहून घरूनच काम करतात. मनिलात दोघे, शिकागोत दोघे, पोलंडच्या क्राकूवमध्ये एक आणि मेलबर्नमध्ये एक. मी धरून तेरा.

पहिल्या वर्षी माझं भाषण फसलं. आम्ही बेळगावचे सगळे ऑफिसात एका टेबलाभोवती जमलो होतो. मी म्हणाले, "वेगवेगळ्या वेळांत काम करणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार, तुमच्यामुळे आपण चोवीस तास चालू असतो." मग कॅमेऱ्यासमोरच कुंद्याचे बॉक्स उघडले. आम्ही खात होतो आणि स्क्रीनवरचे सहा चेहरे बघत होते. दुसऱ्या दिवशी आमच्यातली निपाणीची मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही आभार मानलात, पण कशाबद्दल मानलेत ते कुणालाच कळलं नाही की." खरं होतं. मी घरून बघत असते तर मलाही कळलं नसतं.

पुढच्या वर्षी मी तीन आठवडे आधी सुरुवात केली, आणि लिहिण्याआधी पूर्ण वर्षाचं कॅलेंडर उघडलं. नव्या लीडला मी हेच पहिलं काम सांगते. आठवणीवर विसंबलात तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात कोणी काय केलं तेवढंच आठवतं आणि जे तुमच्या जागेपणी काम करतात तेच डोळ्यासमोर येतात. कॅलेंडरमध्ये दुसरा टाइमझोन दाखवायची सोय असते. मी एकेका सहकाऱ्याचं शहर तिथे लावलं आणि वर्षभराच्या बैठका त्याच्या घड्याळात वाचून काढल्या. पाच शहरांना मिळून एक दुपार गेली.

मनिलावर आले आणि थांबले. शिकागोचा दिवस संध्याकाळी पाचला संपतो. तेव्हा तिथला माणूस मनिलाच्या सहकाऱ्याला कॉलवर कामं सोपवतो, त्याला आम्ही हँडओव्हर म्हणतो. डिसेंबरात शिकागोचे पाच म्हणजे मनिलाचे सकाळचे सात. पण कॅलेंडर एप्रिलवर नेलं तर तोच कॉल सकाळी सहाला दिसत होता. कारण साधं आहे. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे नेतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. फिलिपिन्समध्ये तसं करत नाहीत, आपल्याकडेही नाही. कॉल शिकागोच्या घड्याळावर बांधलेला होता, त्यामुळे मार्च ते नोव्हेंबर मनिलाचा सहकारी आपोआप एक तास आधी येत होता.

2025 साली हा काळ 9 मार्च ते 2 नोव्हेंबर, म्हणजे 34 आठवडे होता. आठवड्याला चार कॉल, कारण शिकागोचा शुक्रवार संपतो तेव्हा मनिलात शनिवार उजाडलेला असतो, म्हणून शुक्रवारचा हँडओव्हर लेखीच असतो. चौतीस चोक 136. सुट्ट्या वजा केल्या तरी सव्वाशेच्या आसपास सकाळी हा माणूस सहाला लॅपटॉपसमोर होता. त्याने एकदाही तक्रार केली नव्हती, आणि त्याची मॅनेजर असून मला हे माहीत नव्हतं. बेळगावात साडेतीन वाजलेले असतात तेव्हा, मी झोपेत असते. मला फार वाईट वाटलं.

मी त्याला फोन केला. भाषणात कुणाचा उल्लेख करायचा असेल तर आधी त्याला विचारायचं, हे काटेकोरपणे पाळा. तो म्हणाला, वेळेचं सांगा, चालेल. पहाटे उठण्यापायी घरात काय ओढाताण होते तेही त्याने सांगितलं, पण ते कार्यक्रमात नको म्हणाला. म्हणून ते भाषणात नव्हतं आणि इथेही नाही.

आता खरा अवघड भाग. "तो आपल्यासाठी पहाटे उठतो, त्याच्या त्यागाला सलाम" असं मी आधी मराठीत लिहून बघितलं. (भाषण इंग्रजीत द्यायचं असलं तरी पहिला खर्डा मी मराठीतच लिहिते. आपल्याला नक्की काय म्हणायचंय ते त्यात लपत नाही.) वाचल्यावर खटकलं. भर सभेत पहाटे उठण्याचं कौतुक केलं की पहाटे उठणं हाच कामाचा चांगुलपणा ठरतो. मग पुढच्या वर्षी दुसरा कोणीतरी न सांगता पाचला यायला लागतो. शिवाय ज्याची गैरसोय झाली त्याला पुढचं वर्षही तसंच जाणार असेल, तर नुसत्या आभारांचा त्याला काय उपयोग? म्हणून मी शिकागोच्या दोघांशी आणि त्याच्याशी बोलून आधी तोडगा काढला. मार्चपासून चारातले दोन हँडओव्हर लेखी व्हायचे आणि दोनच कॉलवर. हे ठरेपर्यंत भाषणाचा तो परिच्छेद मी कोराच ठेवला. शेवटी बोलले ते साधारण असं:

"मनिलातला आपला सहकारी मार्च ते नोव्हेंबर आठवड्यातून चार दिवस सकाळी सहाला हँडओव्हर घेत होता. ठरलेली वेळ सातची होती. घड्याळ शिकागोचं बदललं आणि भार त्याच्यावर आला, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. त्या कॉलवर त्याने घेतलेल्या नोंदींमुळे बेळगावची टीम साडेनऊला बसली की ग्राहकाला तीच गोष्ट दुसऱ्यांदा विचारावी लागली नाही. त्याबद्दल आभार. आणि मार्चपासून यातले दोन कॉल बंद होतील."

यात काय काय आहे ते बघा. वेळ त्याच्या घड्याळात सांगितली, आपल्या नाही. कोणतं काम आणि त्याचा कुणाला उपयोग झाला ते आलं. आणि पुढे काय बदलणार तेही. बाकी अकरा जणांना मी याच पद्धतीने घेतलं, पण प्रत्येकाच्या वाट्याला दुरुस्त करण्यासारखी गैरसोय नव्हती, आणि ओढूनताणून शोधलीही नाही. क्राकूवच्या सहकाऱ्याने लिहिलेल्या एका सूचनापत्रकामुळे लेबल प्रिंटरच्या तक्रारी सोडवणं सोपं झालं होतं, तेवढंच सांगितलं. खानापूरच्या मुलाने पावसाळ्यात वीज गेली तरी फोनवरून तिकिटांना उत्तरं दिली होती. त्याला त्याच आठवड्यात राउटरसाठी छोटा यूपीएस दिलेला होता, म्हणून ते त्याच्या आभारात आपोआप आलं.

लांबीचा हिशोब आधीच करा. वेगवेगळ्या देशांतली माणसं ऐकत असतील तर मिनिटाला 120 शब्दांपेक्षा वेगाने बोलू नये, म्हणजे सहा मिनिटांत 720 शब्द. माणसी 45 धरले तर बारा जणांचे 540 होतात आणि सुरुवात-शेवटाला 180 उरतात. टीम पंधराच्या वर असेल तर एकेकाला घेऊ नका, तुकड्या करा. मात्र मग प्रत्येक तुकडीचं एक ठोस काम तरी हवंच. नावांचे उच्चार ज्याच्या त्याच्याकडून व्हॉइस मेसेजवर मागवून घ्या. पोलिश नाव वाचून जमेल असं मलाही वाटलं होतं, ते जमत नाही.

कार्यक्रमाची वेळ ठरवताना मी सगळ्यांना चालेल अशी एक वेळ शोधत बसले होते. ती नव्हतीच. गुरुवार, 18 डिसेंबर, आपले संध्याकाळचे साडेसहा धरले तर क्राकूवमध्ये दुपारचे दोन, शिकागोत सकाळचे सात, मनिलात रात्रीचे नऊ होतात. हे चालण्यासारखं होतं. पण मेलबर्नमध्ये त्याच वेळी मध्यरात्रीचे बारा वाजतात. तिला जागं ठेवून "उशिरापर्यंत थांबल्याबद्दल आभार" म्हणणं मला पटेना, आणि रेकॉर्डिंग पाठवून मोकळं होणंही नाही. म्हणून शुक्रवारी सकाळी आठला, तिच्या दुपारी दीडला, दहा मिनिटांची दुसरी छोटी बैठक ठेवली. तिच्याबद्दलचे 45 शब्द मी तिथे तिच्यासमोर बोलले आणि गुरुवारी गैरहजेरीतही बोलले, कारण तिचं काम बाकीच्यांनाही कळायला हवं. त्या सकाळी सासूबाईंनी चहा टेबलावर ठेवत विचारलं, "कालच झाला ना गं तुमचा कार्यक्रम?" मी म्हटलं, "एक जण राहिली होती, आई."

आमंत्रणात वेळ लिहिताना शहराचं नाव लिहा. नुसतं सीएसटी लिहिलं तर त्याचा अर्थ चीनची वेळही होतो, आणि आयएसटी म्हणजे इस्रायलचीही. आणि 'उद्या सकाळी' असं कधीच लिहू नका. वार आणि तारीख लिहा.

प्रत्यक्ष बोलताना फार काही लागत नाही. कागद कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी चिकटवा, म्हणजे नजर खाली जात नाही. स्लाइड लावू नका, त्यात चेहरा कोपऱ्यात जातो. कॅप्शन सुरू करा. प्रत्येक नावानंतर तीन सेकंद थांबा, कारण म्यूट काढून "थँक्यू" म्हणायला समोरच्याला तेवढा वेळ लागतो. न थांबता पुढे गेलात तर त्याचं बोलणं पुढच्याच्या नावावर पडतं. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधचं अधिवेशन सुरू असलं की शहरात बंदोबस्त असतो, म्हणून मी त्या दिवशी टिळकवाडीच्या घरूनच जोडले गेले, आणि बेळगावच्या बाकीच्यांनाही आपापल्या घरून यायला सांगितलं. त्याने एक मोठा फरक पडला. सगळे जण सारख्याच चौकटीत दिसत होते, एका बाजूला टेबलाभोवतीची गर्दी आणि दुसऱ्या बाजूला एकटे असं झालं नाही. कुंदा दुधाचा, परदेशात कुरिअरने पाठवणं अवघड, तेव्हा प्रत्येकाने आपल्या गावचं काहीतरी गोड आणून बसायचं ठरवलं.

मनिलाचा परिच्छेद वाचून झाल्यावर तो काही बोलला नाही, नुसती मान हलवली. शिकागोचा एक जण मात्र म्युट काढून म्हणाला, की पाचला लॅपटॉप बंद करताना पलीकडे किती वाजलेत याचा त्याने कधी विचार केला नव्हता.

8 मार्चला अमेरिकेत घड्याळं पुढे गेली. मंगळवारी, 10 मार्चला सकाळी उठून मी चॅनल उघडलं. शिकागोची लेखी नोंद आपल्या वेळेनुसार 3 वाजून 35 मिनिटांनी आलेली होती. तिच्याखाली मनिलाचं उत्तर होतं, "वाचलं, सुरुवात करतोय." ते 4 वाजून 32 मिनिटांनी आलं होतं. म्हणजे त्याच्याकडे सात वाजून दोन मिनिटं झाली होती.