आवणीच्या घाईत वीडर बंद पडला तर आधी टाकीचा तळ पाहा

मुरबाड-शहापूरकडे जुलैत खाचरं भरली की सगळ्यांची चिखलणी एकाच आठवड्यात येते. राबातलं आवण एकवीस-पंचवीस दिवसांचं झालेलं असतं, मजूर ठरलेले असतात, आणि नेमका त्याच वेळी पेट्रोलवरचा पॉवर वीडर दगा देतो. अशा वेळी बहुतेक जण प्लग बदलतात, मग कार्बोरेटरची किट टाकतात. मशीन तरी सुरू होत नाही, कारण पाणी टाकीच्या तळाशी तसंच असतं.

गेल्या वर्षी आमच्याकडे हेच झालं. रस्त्यावरच्या एका पंपावरून सकाळी पाच लिटर पेट्रोल आणलं आणि त्यातलं तीन लिटर वीडरच्या टाकीत ओतलं. मशीन पहिल्या झटक्याला सुरू झालं आणि खाचराचा एक फेरा झाला. आठ-दहा मिनिटांनी इंजिन गोते खाऊ लागलं, एकदा फटकन आवाज झाला आणि बंद पडलं. दोरी ओढून हात भरून आले. प्लग काढला तर ओला निघाला.

या क्रमाकडे नीट पाहा, कारण पाण्याची पहिली खूण तोच आहे. मशीन सुरू होताना जळतं ते नळीतलं आणि कार्बोरेटरच्या वाटीतलं जुनं, चांगलं पेट्रोल. ते संपून टाकीच्या तळाचं नवं आलं की गडबड सुरू होते. म्हणून पेट्रोल भरल्यावर पाच-दहा मिनिटं ठीक चालून एकदम ढेपाळलं, तर संशय आधी पाण्यावर घ्यावा.

कचऱ्याची चाल वेगळी असते. मोकळं चालताना इंजिन बरं असतं, पात्यांवर भार आला की दम सोडतं, चोक थोडा ओढला की सावरतं. जेटच्या बारीक भोकात कण बसल्यामुळे पेट्रोल कमी पडतं आणि चोक हवा कमी करून ती भरपाई करतो. तिसरी शक्यता फुकटात तपासता येते. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक चिखलाने बुजलं असेल तरी इंजिन असंच मरतं. इंजिन थंड झाल्यावर झाकण सैल करा, मशीन पुन्हा चालू करा. सुरळीत चाललं तर दोष पेट्रोलचा नाही, झाकणाचा आहे.

आता पाणी आलं कुठून? हल्ली पंपावर मिळणाऱ्या ई20 पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉलला पाण्याची ओढ असते. थोडं पाणी असेपर्यंत ते पेट्रोलमध्ये विरघळून राहतं, जळूनही जातं, तुम्हाला कळतही नाही. ही मर्यादा लहान आहे, लिटरला चमचा-दोन चमचे धरा. त्यापुढे पाणी गेलं की ते एकटं खाली बसत नाही, पेट्रोलमधलं इथेनॉलही आपल्यासोबत खाली ओढून नेतं. वर इथेनॉल गेलेलं पेट्रोल, खाली पाणी आणि इथेनॉलचं मिश्रण. हे मिश्रण इंजिनात धड पेटत नाही, आणि कॉक तर टाकीच्या तळाशीच असतो.

यामुळे दोन गैरसमज होतात. बाटलीत खाली 100 मिलीचा थर दिसला म्हणजे पंपवाल्याने 100 मिली पाणी दिलं असं नाही. त्यातला मोठा भाग इथेनॉल असतो. आणि पेट्रोलमध्ये मुद्दाम पाणी घालून, हलवून, "बघा किती भेसळ" असं दाखवणारे व्हिडिओ फिरतात. चांगल्या ई20 मध्येही असाच थर पडणार. तपासायचं पेट्रोल पाणी न घालताच तपासावं.

तपासायला काचेची स्वच्छ, कोरडी, सरळ भिंतीची बरणी घ्या. इथे आम्ही स्वतः फसलो. टाकीच्या तळातून काढलेली पहिली बरणी अगदी एकसारखी दिसली, रेघ कुठे नाही. आम्हाला वाटलं, पेट्रोल चांगलं आहे. खरं म्हणजे ती अख्खी बरणीच खालच्या थराची होती! दुसरी भरल्यावर मध्ये रेघ दिसली. पहिलीतला एक चमचा पेलाभर पाण्यात टाकला, तर तो तरंगला नाही, साखरेसारखा मिसळून गेला. पेट्रोल असतं तर वर तवंग धरून राहिलं असतं. तीन लिटरमधून आमच्याकडे असा जवळपास 400 मिली थर निघाला. म्हणून एका बरणीवर निकाल देऊ नका. दोन-तीन भरा आणि सपाट फळीवर पंधरा मिनिटं ठेवा. तळाशी बुडबुड्यासारखे गोल थेंब किंवा आडवी रेघ म्हणजे पाणी, वाळूसारखा गाळ किंवा तांबूस चूर्ण म्हणजे कचरा आणि गंज.

टाकी रिकामी करायला जागा उघडी हवी. पाऊस आहे म्हणून मशीन पडवीत किंवा गोठ्यात ओढून काम करायचा मोह होतो, तो टाळा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीवरून सरकत चुलीपर्यंत, देवघरातल्या समईपर्यंत जाते आणि तिथून आग उलटी तुमच्याकडे येते. उघडीप होईपर्यंत थांबा, दिवसाउजेडी काम करा. इंजिन अर्धा तास थंड होऊ द्या, सायलेन्सरला हात लावता आला पाहिजे. स्विच बंद करा, प्लगची टोपी काढून बाजूला बांधा. बिडी, मोबाइल लांब. बादलीभर वाळू हाताशी ठेवा, कारण पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतलं तर ते तरंगत पसरतं.

मग कॉक बंद करा. कॉकखाली छोटा कप असतो, बहुतेक मशीनला तो दहा नंबरच्या पान्याने सुटतो. हळू काढा, आतलं रबरी रिंगण चिखलात पडलं तर शोधत बसाल. पाणी आणि गाळ आधी इथेच जमतो, त्यामुळे निम्मा निकाल या कपातच मिळतो. कप पुसून परत बसवा. कार्बोरेटरकडची पेट्रोलची नळी सोडून तिचं तोंड जमिनीवर ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात सोडा आणि कॉक उघडा. प्लास्टिकच्या बादलीत काढू नका, तिच्यात साचलेल्या स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. नळीने तोंडाने ओढून काढणं तर मुळीच नको. पेट्रोल घशातून फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. कुणाच्या पोटात गेलंच तर उलटी करवू नका, थेट दवाखाना गाठा.

धार थांबली तरी टाकी रिकामी झालेली नसते. कॉकची जाळी तळापासून थोडी वर असते आणि कोपऱ्यात घोट-दोन घोट राहतात. तेवढे पुन्हा मशीन बंद पाडायला पुरतात. मशीन कॉकच्या बाजूला कलवा आणि पूर्ण निथळू द्या. नंतर खात्रीचं पाव लिटर पेट्रोल घालून टाकी हलवा आणि तेही काढा. बरणीत एकच स्वच्छ थर दिसेपर्यंत हे करायचं. आम्हाला तीनदा करावं लागलं. पाण्याने किंवा साबणाने टाकी धुऊ नका.

कार्बोरेटरच्या वाटीखाली निथळायचा स्क्रू असतो. तो उघडा, वाटी रिकामी करा, कॉक क्षणभर उघडून नवं पेट्रोल येऊ द्या, पुन्हा सोडा. हे विसरल्यामुळे टाकी धुऊनही मशीन चालू न झालेले दोघे मला माहीत आहेत. जेट बुजला असेल तर तार घालू नका, भोक मोठं होतं आणि मशीन कायमचं जास्त पेट्रोल खातं. शेवटी तेलाची पट्टी ओढून वास घ्या. कचऱ्याने सुई अडकली असेल तर पेट्रोल झिरपून इंजिनच्या तेलात उतरतं. तेल पातळ, वाढलेलं, पेट्रोलचा वास येणारं वाटलं तर बदलूनच चालू करा.

प्लग पुसून वाळवा. प्लग काढलेला असताना दोरी ओढायची तर स्विच बंदच असू द्या, भोकातून पेट्रोलचा फवारा येतो. मग सगळं जोडा, सांडलेलं पूर्ण वाळू द्या, अर्धा लिटर ताजं पेट्रोल घालून दहा मिनिटं भाराविना चालवा.

ही कृती कार्बोरेटरच्या मशीनसाठी आहे. नव्या मोटारसायकलींना टाकीतच पंप असतो आणि नळीत दाब राहतो, ती गाडी स्वतः खोलू नका. सेल्फ मारत राहिलात तर पाणी इंजेक्टरपर्यंत ओढलं जातं, त्यापेक्षा ढकलत गॅरेजला न्या.

काढलेलं पेट्रोल खाचरात, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, चूल पेटवायलाही नको. "वरचं चांगलं आहे, गाळून घेऊ" असंही वाटेल. फडक्याने कचरा अडतो, पाणी नाही. शिवाय वरच्या थरातलं इथेनॉल गेल्याने त्याचा ऑक्टेन घसरलेला असतो. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

पंपावर जाण्याआधी स्वतःच्या डब्याची झडती घ्या. आमचा डबा पागोळ्यांखाली नव्हता, झाकणाचा वायसर शाबूत होता, आणि त्यात उरलेल्या दोन लिटरच्या तळाशीही तसाच थर होता. तरी डब्यावरचा संशय जात नव्हता. गावातल्या दोन मोटारसायकली त्याच सकाळी त्याच पंपावर भरून घाटाखाली बंद पडल्याचं कळलं तेव्हा तो गेला. पावती आणि बरणी घेऊन गेलो, नोझलमधून कोरड्या काचेच्या बरणीत नमुना मागितला. कागदावर थेंब टाकून दाखवू लागले. ती चाचणी दुसऱ्या भेसळीसाठी आहे, पाणी तिच्यात कळत नाही. पाण्यासाठी जमिनीखालच्या टाकीत पेस्ट लावलेली सळई सोडतात. ती सोडायला लावली, टोकाचा रंग बदलला आणि ते नोझल त्यांनी बंद केलं. पैसे मिळाले. चिखलणीचा दिवस गेला तो गेलाच, मजुरी दोनदा द्यावी लागली.

तेव्हापासून आवणीच्या दिवसांत डबा घरी आणला की आधी तळाची एक बरणी काढून फळीवर ठेवतो आणि तोवर चहा घेतो.