पुस्तक मार्शल लॉवरचं, परीक्षणही मार्शल लॉचंच: या चुका टाळा

सोलापुरात इतिहासाच्या विद्यार्थ्याला परीक्षणासाठी पुस्तक निवडायला सांगितलं, की दर वर्षी दोघं-तिघं तरी १९३० च्या मार्शल लॉवरचं पुस्तक घेऊन येतात. त्यात फाशी गेलेल्या चौघांच्या पुतळ्यांवरून रोज जाणं-येणं असलेल्या मुलांना हा विषय जवळचा वाटणारच. अडचणही तिथूनच सुरू होते. विषय इतका ओळखीचा असतो, की पानं भरतात ती घटनेने, आणि पुस्तक बाजूला राहतं.

असा एक मसुदा माझ्यासमोर आहे. शब्दमर्यादा हजार शब्दांची. पहिले सहाशे शब्द असे: ५ मे १९३० ला गांधीजींना अटक झाली, सोलापुरात हरताळ पडला, ८ मे ला गोळीबार झाला, १२ मे ला मार्शल लॉ पुकारला गेला, पुढे १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी झाली. सगळं बरोबर आहे. पण यातल्या एकाही वाक्यासाठी ते पुस्तक वाचावं लागलं नसतं.

ही चूक ओळखायची सोपी खूण सांगते. मसुद्यातली जी वाक्यं 'लेखक', 'हे पुस्तक', 'या प्रकरणात' असे शब्द नसतानाही जशीच्या तशी उभी राहतात, त्यांच्याखाली पेन्सिलीने रेघ मारा. निम्म्याहून जास्त मजकूर रेघेखाली आला, तर तुम्ही घटनेवर निबंध लिहिलाय. हजार शब्दांत सारांशाला दोन-अडीचशे शब्द पुरतात, आणि त्यातही घटनाक्रम नको, लेखकाच्या म्हणण्याचा क्रम हवा.

मग लेखकाचं म्हणणं कसं शोधायचं? इथे दुसरी चूक होते. 'हे पुस्तक सोलापूरच्या स्वातंत्र्यलढ्याविषयी आहे' हे मुलं लेखकाची भूमिका म्हणून लिहितात. तो विषय झाला. भूमिका म्हणजे असं विधान, ज्याला कुणीतरी 'नाही, तसं नव्हतं' म्हणू शकेल. प्रस्तावना आणि शेवटचं प्रकरण लागोपाठ वाचा, मधली प्रकरणं नंतर. दोन्हीकडे जे विधान परत येतं, ते तुमच्या शब्दांत 'अमुक घडलं, कारण तमुक' अशा एका वाक्यात बसवा. ते बसेपर्यंत पुढे लिहू नका.

पुढचं समजण्यासाठी वर्गात सरावाला देते तेच पुस्तक घेऊ. पुस्तक कल्पित आहे, त्यामागच्या घटना खऱ्या. लेखकाचं विधान असं: १९३० चा सोलापूरचा उठाव काँग्रेसच्या कार्यक्रमापेक्षा गिरणी वस्तीतल्या हलाखीतून पेटला, कारण कामगारांचं पोट आधीच खपाटीला गेलं होतं. यावर वाद घालता येतो, म्हणून ही भूमिका.

आता पुरावा. 'लेखकाने भरपूर संदर्भ दिले आहेत, संदर्भसूची बारा पानांची आहे' हे वाक्य मला जवळपास प्रत्येक मसुद्यात सापडतं, आणि प्रत्येक वेळी मी ते खोडते. संदर्भ किती आहेत त्याला महत्त्व नाही. कोणत्या विधानाखाली कोणता संदर्भ आहे, ते बघायचं. सगळ्या तळटिपा तपासायला वेळ नसतो आणि गरजही नसते. ज्या दोन-तीन विधानांवर अख्खी मांडणी उभी आहे, तेवढ्यांच्याच तळटिपा उघडा.

या पुस्तकात पहिलं असं विधान हलाखीचं. त्याच्या आधाराला मजुरीचा तक्ता दिलाय. तक्त्याखालची बारीक ओळ वाचली, तर आकडे निघतात मुंबईच्या गिरण्यांचे. मजुरी, घरभाडं, जिन्नसांचे भाव, सगळंच दोन्ही शहरांत वेगळं. मुंबईचा आकडा सोलापूरच्या कामगाराच्या ताटात किती भाकरी होती ते सांगत नाही. परीक्षण करणाऱ्याने इथे एक पाऊल पुढे जावं आणि विचारावं: सोलापूरचं साधन होतं का? होतं. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने सोलापूरच्या गिरणी कामगारांच्या घरखर्चाची पाहणी १९२५ मध्ये केली होती, तिचा अहवालही छापला गेला. लेखकाने तो पाहिलेला नाही, ही नुसती उणीव नाही. मुख्य विधानाचा पायाच कच्चा राहतो. आणि तो अहवालही १९२५ चा, म्हणजे उठावाच्या पाच वर्षं आधीचा. तो वापरला असता तरी १९३० च्या हलाखीसाठी आणखी आधार लागलाच असता, हेही प्रामाणिकपणे लिहावं.

दुसरं विधान: 'काँग्रेसचे स्वयंसेवक तोपर्यंत मागे पडले होते, रस्त्यावर गर्दी होती ती कामगारांचीच.' तळटिपेत आहेत सरकारी अहवाल. हे अहवाल टाकाऊ नाहीत, पण ते लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांना मार्शल लॉ का लावावा लागला हे वरिष्ठांना पटवायचं होतं. गर्दी बेभान होती, तिला नेता नव्हता, असं लिहिणं त्यांच्या सोयीचं होतं. लेखकाने तेच शब्द स्वतःच्या निवेदनात घेतले असतील, तर परीक्षणात ते वाक्य पृष्ठक्रमांकासह उचलून दाखवा. दुसरी बाजू म्हणून लेखकाने बऱ्याच वर्षांनी घेतलेल्या आठवणी दिल्यात. तिथेही सबुरी हवी. १९७२ नंतर स्वातंत्र्यसैनिकांना केंद्राचं निवृत्तिवेतन मिळू लागलं. त्या काळात सांगितलेल्या आठवणीत पगाराची तक्रार मागे आणि देशभक्ती पुढे येणं स्वाभाविक आहे. आठवण कधी आणि कुणासमोर सांगितली, ते लेखकाने नोंदवलंय का, एवढं बघा.

एक सापळा खास या काळाचा. मे १९३० च्या वर्तमानपत्रांत कामगारांच्या मागण्यांबद्दल काही छापून आलेलं नाही, म्हणून मागण्याच नव्हत्या, असं कुणी म्हणत असेल तर थांबा. एप्रिलच्या शेवटी सरकारने वर्तमानपत्रांना वेसण घालणारा प्रेस ऑर्डिनन्स काढला होता, आणि सोलापुरात तर लष्करी अंमल होता. अशा वेळी कागदावरच्या शांततेचा अर्थ लावताना हात आखडताच ठेवावा.

राहिला वाचक. 'भाषा सोपी आहे, सर्वांनी वाचावं' या ओळीने काहीच कळत नाही. लेखक काय समजावतो आणि काय गृहीत धरतो, ते शोधा. आपल्या नमुन्यात 'मार्शल लॉ' म्हणजे काय यावर दोन पानं आहेत, पण 'जॉबर', 'साचा', 'पाळी', 'भोंगा' हे गिरणीतले शब्द बेधडक येतात. म्हणजे पुस्तक गिरणी वस्तीच्या घरांतल्या माणसांसाठी आहे, कायद्याच्या अभ्यासकासाठी नाही. त्या वाचकासाठी तळटिपा शेवटी ढकलल्या तर तक्रार नको. 'ब्रिटिश धोरणाचा सखोल आढावा नाही' अशीही नको, ते पुस्तक लिहायचं लेखकाने कबूलच केलेलं नव्हतं. पण ऐकीव आठवण आणि दप्तरातली नोंद एकाच सुरात, फरक न सांगता देणं हे कोणत्याच वाचकाच्या बाबतीत चालत नाही. उलट, साधं पुस्तक वाचणाऱ्याकडे तपासायला दुसरं साधन नसतं, म्हणून तिथे ते जास्त खटकतं.

तो मसुदा लिहिणाऱ्या मुलीलाही मी सरावाला हेच पुस्तक दिलं. सहाशे शब्दांच्या घटनाक्रमाऐवजी तिने सुरुवात अशी केली: 'लेखकाच्या मते सोलापूरचा उठाव भुकेतून झाला. पण भूक दाखवणारा त्यांचा एकमेव तक्ता मुंबईचा आहे, आणि गर्दीचं वर्णन ती दडपणाऱ्यांच्या कागदांतून आलंय. वस्तीतल्या रोजच्या जगण्याचं चौथं प्रकरण मात्र मुलाखतींच्या तारखांसह लिहिलेलं असल्याने विश्वासार्ह वाटतं. गिरणीत घरचं कुणी काम केलेल्या वाचकाने ते आधी वाचावं.' घटनाक्रमासाठी तिला नंतर चार ओळी लागल्या.